टार्गेट १२०, हाती ५४: कंप्लिशन रिपोर्टमध्ये राहिलेल्या ६६ जणींचा हिशोब कसा मांडावा

प्रश्न: "आमची सोलापुरातली छोटी संस्था आहे. एका कंपनीच्या सीएसआर निधीतून विडी कामगार महिलांसाठी शिवणकामाचा दीड वर्षाचा प्रकल्प नुकताच संपला. १८ लाख मंजूर होते, १६ लाख ९२ हजार खर्च झाले. प्रपोजलमध्ये लिहिलं होतं, १८० जणींना प्रशिक्षण आणि त्यातल्या १२० जणी महिन्याला किमान ६,००० रुपये कमावतील. प्रत्यक्षात प्रशिक्षण १४१ जणींनी पूर्ण केलं आणि ६,००० कमावणाऱ्या ५४ च आहेत. मागच्या तिमाही अहवालात हा आकडा आम्ही 'सुमारे ९०' लिहून बसलोय. सचिव म्हणतात, प्रशिक्षणाचा आकडा पुढे करा, उत्पन्नाचं थोडक्यात उरका. कंप्लिशन रिपोर्टला २० दिवस आहेत. खरं लिहिलं तर पुढचा निधी जाईल का?"

पुढच्या निधीबद्दल आधी सांगते, कारण तीच धाकधूक असणार. तो जाईल की राहील हे मला इथून सांगता येणार नाही. कंपनीचं पुढच्या वर्षाचं बजेट किती, त्यांनी विषय बदललाय का, तुमचा प्रोग्राम ऑफिसर तोच आहे की नवा आलाय, यावर ते ठरतं. मी दहा-बारा वर्षं संस्थेत राहून असे अहवाल लिहिले आणि त्यानंतर काही वर्षं निधी देणाऱ्यांसाठी ते वाचण्याचं काम केलं. वाचताना माझं पहिलं बोट कमी आकड्यावर कधीच गेलं नाही. ज्या आकड्याचं पुढं काय झालं हे संस्थेलाच माहीत नाही, तिथं ते जायचं. तुमच्या प्रश्नातही ५४ ही अडचण नाही. उरलेल्या ६६ जणी कुठल्या टप्प्यावर आणि कशामुळे गळल्या, हे तुम्ही एका वाक्यातही सांगितलेलं नाही. ते बहुतेक तुम्हालाही नीट माहीत नसावं, म्हणूनच सचिवांना "थोडक्यात उरका" म्हणावंसं वाटतं.

तेव्हा २० दिवसांतला पहिला आठवडा लिहिण्यात घालवू नका, तो शोधण्यात घाला.

सुरुवात तुमच्याकडे आत्ता असलेल्या आकड्यांपासूनच करू, त्यातूनही बरंच निघतं. प्रपोजलमध्ये तुम्ही गृहीत धरलं होतं की प्रशिक्षण घेणाऱ्या तिघींपैकी दोघी कमावत्या होतील, म्हणजे १८० च्या १२०. आता प्रशिक्षण पूर्ण केलं १४१ जणींनी. प्रपोजलचंच दोन-तृतीयांशाचं प्रमाण या १४१ ला लावलं तर ९४ जणी कमावत्या व्हायला हव्या होत्या. १२० वरून ९४ पर्यंतची घट, म्हणजे २६, ही प्रशिक्षण अर्धवट राहिल्यामुळे आलेली आहे. आणि ९४ वरून ५४ पर्यंतची घट, म्हणजे ४०, ही प्रशिक्षण झाल्यावर काम न मिळाल्यामुळे, न टिकल्यामुळे किंवा त्यातून ६,००० न सुटल्यामुळे आलेली आहे. दोन्ही मिळून ६६.

आता बघा, सगळी चर्चा कुठं सरकली. तुमची मोठी गळती वर्गात झालेली नाही, वर्गाच्या दारातून बाहेर पडल्यावर झाली आहे. सचिव जो आकडा पुढे करा म्हणतात, त्याच्याच मागं खरी अडचण लपलेली आहे. १४१ हा आकडा जितका ठळक कराल तितका वाचणारा विचारणार, "मग एवढ्या शिकलेल्या बायका गेल्या कुठं?"

त्याचं उत्तर तुमच्या प्रशिक्षणार्थी रजिस्टरमध्ये आहे. १४१ मधून ५४ वजा केल्या तर ८७ नावं उरतात. या ८७ जणींना फोन करा आणि फोन लागला नाही तर घरी जा. दोन कार्यकर्त्या चार-पाच दिवसांत हे सहज उरकतात. प्रश्न तीनच ठेवा: प्रशिक्षणानंतर शिवणाचं काम कधी मिळालं का, मिळालं असेल तर कधी आणि का सुटलं, आणि आत्ता काय करता. कारणं आधी छापून त्यापुढं बरोबरची खूण करायला लावू नका. बाई जे म्हणेल ते तिच्या शब्दांत लिहा आणि गट नंतर पाडा. आधीच गट पाडून गेलात की तुमचीच समजूत तुमच्या हातात परत येते. तेवढ्याच वेळात प्रशिक्षण सोडलेल्या ३९ जणींचंही बघा. त्यांच्यासाठी मात्र हजेरीपट पुरतो: कितव्या आठवड्यात गळल्या, कुठल्या बॅचच्या होत्या आणि ती बॅच कुठल्या वेळेची होती.

मी हे इतक्या आग्रहानं सांगते, कारण एकदा मी याच्या अगदी उलट केलं होतं. कुंभारीच्या विडी घरकुलात आम्ही असाच शिवणाचा प्रकल्प घेतला होता. ६० जणींना कामाला लावायचं ठरलं होतं आणि लागल्या २९. अहवालात मी एक वाक्य लिहिलं, "महिलांमध्ये पारंपरिक व्यवसाय सोडण्याची मानसिकता अद्याप तयार झालेली नाही." वाक्य वाचायला चांगलं वाटत होतं, आणि संस्थेत कुणी हरकतही घेतली नाही. निधी देणाऱ्यांकडच्या बाईंनी समासात पेन्सिलीनं दोनच शब्द लिहून पान परत पाठवलं: "किती? कशावरून?"

मग उरलेल्या ३१ जणींकडे गेले. एका घरात बाई ओट्यावर सुपात पानं घेऊन बसली होती, बोलत होती तरी हात वळतच होते. मी विचारलं, "शिवण चांगलं जमत होतं की तुम्हाला, मग का सोडलं?" तिनं सूप बाजूला ठेवलं, आत गेली आणि प्लास्टिकच्या पिशवीतून पीएफचा कागद काढून माझ्यापुढं धरला. म्हणाली, "ताई, सात वर्षं भरली माझी. अजून तीन भरली की पेन्शनीला लागते. तुमच्या शिलाईत पीएफ आहे का?"

कर्मचारी पेन्शन योजनेत दहा वर्षांची सेवा भरली तरच महिन्याच्या पेन्शनीचा हक्क मिळतो. जिची सात-आठ वर्षं भरली आहेत, ती नगावर मिळणाऱ्या शिलाईसाठी कारखान्यातलं नाव कमी होऊ देईल कशी? यात मानसिकतेचा काही संबंधच नव्हता. तिचा हिशोब आमच्यापेक्षा पक्का होता. प्रपोजल लिहिताना आम्ही तिला पीएफबद्दल एका शब्दानं विचारलं नव्हतं, तेव्हा चूक आमची होती आणि अहवालात ती आम्ही तिच्या नावावर टाकली होती. ते वाक्य मला आजही टोचतं.

त्या ३१ जणींचा हिशोब शेवटी असा निघाला: ११ जणींचं कारण पीएफ आणि पेन्शन. ८ जणींना काम मिळालं होतं, पण आम्ही एकाच युनिफॉर्मवाल्याशी बोलणी केली होती, शाळा सुरू झाल्या, त्याचा सीझन संपला आणि काम बंद पडलं. ७ जणींना सकाळी विडी जमा करून, पान-तंबाखू घेऊन, घरचं आवरून शिलाईच्या जागी वेळेवर पोचणं जमत नव्हतं. आणि ५ जणींचा पत्ताच लागला नाही. या पाचजणींना मी कुठल्याही कारणात ढकललं नाही. "संपर्क झाला नाही: ५" अशी वेगळी ओळ ठेवली. अशी ओळ दिसली की वाचणाऱ्याचा बाकीच्या २६ वर विश्वास बसतो. प्रत्येक बाईला कारण चिकटवलेला आणि एकही नाव न सुटलेला तक्ता वाचताना मलाच शंका यायची.

तुमच्या ८७ जणींची कारणं हीच निघतील असं मुळीच नाही. तुमच्या बायका बिनपीएफच्या, ठेकेदाराकडे विडी वळणाऱ्या असल्या तर पेन्शनीचा मुद्दा येणारच नाही, मशीन नसणं किंवा वीजबिल हा येईल. म्हणून माझी कारणं उचलू नका, पद्धत उचला.

आता उत्पन्नाच्या आकड्याकडे या, कारण "सुमारे ९०" ची गाठ तिथंच सुटायची आहे. "महिन्याला किमान ६,०००" हे प्रपोजलमध्ये लिहिताना तुम्ही चार गोष्टी उघड्या सोडल्या असणार, बहुतेक सगळेच सोडतात. कुठल्या महिन्याचे ६,०००? एकदा मिळाले तरी चालतील की सलग मिळायला हवेत? दोरा, सुया, वीज, रिक्षाभाडं वजा करून की न करता? आणि त्यात विडीचे पैसे धरायचे की नाही? सोलापुरात युनिफॉर्मचं काम शाळा उघडायच्या आधीच्या महिन्यांत जोरात असतं. एप्रिल-मेमध्ये विचारलं तर एक आकडा येईल आणि ऑगस्टमध्ये विचारलं तर दुसरा. तुमच्या तिमाही अहवालातले ९० सीझनमध्ये विचारून आलेले असू शकतात, किंवा कुणीतरी फोनवर "किती मिळतात?" असं विचारल्यावर आलेल्या तोंडी उत्तरांतून आलेले असू शकतात. नेमकं कुठून आले ते त्या वेळच्या कागदांतून शोधून काढा.

मग अहवालात एकच व्याख्या घ्या आणि ती स्पष्ट लिहा. मी घेतली असती ती अशी: प्रकल्प संपण्याआधीच्या तीन महिन्यांची सरासरी, फक्त शिवणकामातून, साहित्याचा खर्च वजा करून. ५४ हा आकडा तुम्ही कुठल्या व्याख्येनं काढलाय ते मला माहीत नाही, पण जी असेल ती तक्त्याच्या खालीच लिहा. शिवाय दुसऱ्या व्याख्येनं आकडा किती होतो तेही एका ओळीत द्या, म्हणजे "कुठल्याही एका महिन्यात ६,००० गाठलेल्या" किती, ते. हा आकडा बहुतेक ५४ पेक्षा मोठा निघेल. तो देण्यात गैर काही नाही. फक्त तक्त्यातल्या मुख्य आकड्याच्या जागी तो बसवू नका आणि प्रकल्प संपल्यावर व्याख्या सोयीप्रमाणे बदलू नका.

"सुमारे ९०" ची दुरुस्ती अहवालाच्या पोटात दडवू नका. ज्या तक्त्यात ५४ येईल त्याच्याच खाली लिहा: "मागील तिमाही अहवालात ही संख्या सुमारे ९० दिली होती. ती अमुक महिन्यात महिलांनी तोंडी सांगितलेल्या रकमेवर आधारित होती. अंतिम पडताळणीत मजुरीच्या नोंदी तपासून तीन महिन्यांची सरासरी काढली असता ती ५४ आहे. आधीची संख्या या अहवालाने दुरुस्त समजावी." यातलं प्रत्येक वाक्य खरं असेल तरच लिहा. ९० हा आकडा कुणी नुसता अंदाजानं टाकला असेल तर "पडताळणी न करता दिलेली होती" असं लिहा. वाचताना कडू लागेल, पण ते तुमच्या नावानं तुमच्याच अहवालात असणं वेगळं आणि त्यांच्या माणसाला वस्तीत फिरताना कळणं वेगळं.

आणि खरा आकडा त्यांना कळतोच. तुमचा प्रकल्प १८ लाखांचा आहे, म्हणजे कायद्यानं बंधनकारक असलेल्या प्रभाव मूल्यमापनात तो येत नाही. ते मोठ्या सीएसआर खर्चाच्या कंपन्यांच्या १ कोटी आणि त्यावरच्या प्रकल्पांना लागतं. पण २०२१ च्या सीएसआर नियमांप्रमाणे दिलेला निधी ठरलेल्या कामासाठी ठरलेल्या पद्धतीनं वापरला गेला, असं कंपनीच्या वित्त प्रमुखाला प्रमाणित करावं लागतं. तुमच्या कागदाच्या भरवशावर तिथं एक माणूस सही करतो. म्हणून कंपनीनं छोट्या प्रकल्पातही दहा-पंधरा नावं काढून फोन केले तर त्यात नवल नाही. मीही वाचायला बसले की नेमकं हेच करायचे.

कारणं मांडताना एक गोष्ट काटेकोरपणे करा. प्रत्येक कारणापुढं ते कुणाकडचं आहे ते लिहा: आपलं गृहीतच चुकलं, आपल्या अंमलबजावणीत कमी पडलं, की खरोखर आपल्या हाताबाहेरचं होतं. माझ्या कुंभारीच्या प्रकल्पात पीएफ हे चुकलेलं गृहीत होतं, कारण ती माहिती वस्तीत उघड होती आणि आम्ही विचारली नव्हती. एकाच युनिफॉर्मवाल्यावर विसंबणं ही अंमलबजावणीतली चूक होती. हाताबाहेरचं म्हणावं असं आमच्याकडे जवळजवळ काहीच नव्हतं, आणि ते तसं लिहिताना संस्थेत बराच वाद झाला.

हाताबाहेरच्या कारणांना मी एक कसोटी लावते. ते घडलं तेव्हाच्या तुमच्या कुठल्या कागदात त्याचा उल्लेख आहे? मासिक बैठकीच्या इतिवृत्तात, प्रोग्राम ऑफिसरला पाठवलेल्या मेलमध्ये, तिमाही अहवालात? त्या वेळी कुठंच लिहिलं नसेल आणि आता शेवटच्या अहवालात पहिल्यांदा उगवलं असेल, तर वाचणारा त्याला सबब समजतो. समजा तुम्ही लिहिणार आहात की उन्हाळ्यात हजेरी पडली. सोलापूरचा उन्हाळा कुणाला नवा आहे? तो प्रपोजल लिहितानाही माहीत होता, म्हणून तो हाताबाहेरच्या रकान्यात जाणार नाही. बॅच दुपारची ठेवली हा निर्णय तुमचा होता. गड्ड्याच्या यात्रेत आठवडाभर वर्ग ओस पडले, हेही तसंच. यात्रा दरवर्षी जानेवारीत असते.

याच ठिकाणी वाचणाऱ्याला आणखी दोन तारखा हव्या असतात: तुम्हाला हे कळलं कधी, आणि कळल्यावर तुम्ही काय केलं. हा भाग बहुतेक अहवालांत नसतोच, आणि मी सगळ्यात आधी तोच शोधायचे. सातव्या महिन्यात कळलं, आठव्यात सकाळची बॅच संध्याकाळी नेली आणि त्यानंतर गळती थांबली, असं असेल तर ते लिहाच. बदल करूनही फरक पडला नसेल तर तेही लिहा. आणि सोळाव्या महिन्यापर्यंत लक्षातच आलं नाही, हे खरं असेल तर तेच लिहायचं: "रोजगाराची मासिक नोंद ठेवलेली नसल्याने ही घट शेवटच्या तिमाहीपर्यंत लक्षात आली नाही." मी वाचलेल्या अहवालांत असं वाक्य फार थोड्या वेळा आलं आणि त्या संस्था माझ्या अजून लक्षात आहेत.

मी दुसऱ्यांदा लिहिलेला परिच्छेद साधारण असा होता. तो अजून माझ्याकडे आहे, संस्थेच्या खुणा काढून देते:

"उद्दिष्ट ६० महिलांना शिवणकामातून नियमित रोजगार मिळवून देण्याचे होते. २९ महिलांना तो मिळाला. उर्वरित ३१ पैकी २६ महिलांशी प्रत्यक्ष भेटून बोलणे झाले, ५ महिलांशी संपर्क होऊ शकला नाही. ११ महिलांनी विडी कारखान्यातील भविष्यनिर्वाह निधी व पेन्शनसाठीची सेवा खंडित होऊ नये म्हणून शिवणकाम स्वीकारले नाही. ही बाब प्रस्तावापूर्वीच्या पाहणीत आम्ही विचारली नव्हती. ८ महिलांचे काम हंगाम संपल्यावर बंद झाले, कारण आम्ही एकाच उत्पादकाशी बोलणी केली होती. ७ महिलांना विडी जमा करण्याची वेळ सांभाळून कामाच्या ठिकाणी पोचता आले नाही. डिसेंबरमध्ये आम्ही वेळ बदलली, त्यानंतर यांपैकी कोणीही परत आले नाही."

शेवटचं वाक्य लिहिताना सहकारी म्हणाले होते, ते तरी काढा. मी ठेवलं. पुढं त्याच वाक्यावरून निधी देणाऱ्यांनी विचारलं, काम घरपोच देता येईल का? आणि पुढचा, लहान का होईना, पण नीट बेतलेला प्रकल्प त्या प्रश्नातून उभा राहिला. तुमच्याकडेही तसंच होईल असं नाही. पण "मानसिकता" वाल्या पानावर कुणाला विचारण्यासारखं काही नव्हतं, एवढं मात्र खरं.

टक्केवारीबद्दल थोडं सांगते. ५४ ला १२० नं भागलं तर ४५ टक्के येतात, आणि उद्दिष्टाच्या तुलनेत लिहायची टक्केवारी तीच. १४१ ला १८० नं भागलं तर ७८ टक्के. या दोहोंची सरासरी काढून "एकूण ६२ टक्के यश" असं कुणी सुचवलं तर साफ नाही म्हणा, त्या संख्येला अर्थ नाही. तसंच छेद गुपचूप बदलू नका. काम मिळालेल्यांपैकी किती टिकल्या, हे प्रमाण चांगलं दिसेल आणि ते देता येतं, पण छेद काय घेतलाय ते त्याच वाक्यात आलं पाहिजे. तक्त्याच्या पहिल्या रकान्यात प्रपोजलमधलं उद्दिष्ट जसंच्या तसं, त्याच शब्दांत उतरवा. मध्ये लेखी मंजुरीनं उद्दिष्ट बदललं असेल तर जुनं आणि नवं दोन्ही द्या, मेलच्या तारखेसह. तोंडी झालेला बदल धरू नका.

पैशांचा तक्ताही याच हिशोबाशी जुळला पाहिजे. प्रपोजलप्रमाणे एका प्रशिक्षित महिलेमागं १०,००० रुपये आणि एका कमावत्या महिलेमागं १५,००० रुपये खर्च अपेक्षित होता. प्रत्यक्षात १६,९२,००० भागिले १४१ म्हणजे १२,००० आणि भागिले ५४ म्हणजे ३१,००० च्या थोडं वर. दुसरा आकडा दुपटीहून जास्त झालाय. वाचणारा कॅल्क्युलेटर घेऊन हे करणारच, तेव्हा तुम्हीच लिहा आणि सोबत कारण द्या: भाडं, मशीन, प्रशिक्षकाचं मानधन हे खर्च बायका गळल्या तरी कमी होत नाहीत. उरलेले १ लाख ८ हजार कुठल्या सदराखाली उरले तेही सांगा. ३९ जणी गळल्यामुळे त्यांचं विद्यावेतन वाचलं असेल तर ती रक्कम हजेरीपटाशी ताडून बघा, इथं बऱ्याच संस्थांचं जुळत नाही. ही शिल्लक परस्पर दुसरीकडे वापरू नका आणि अहवालापर्यंत थांबूही नका, आजच मेलनं कळवा. ३१ मार्चनंतर न वापरलेल्या रकमेचं काय करायचं याच्या कंपनीला स्वतःच्या मुदती असतात. सीएच्या विनियोग प्रमाणपत्रातली रक्कम आणि तुमच्या तक्त्यातली रक्कम रुपयाला रुपया जुळली पाहिजे.

जे चांगलं घडलं ते लिहायचंच आहे, फक्त घटीच्या परिच्छेदात कालवू नका. ८७ जणींना फोन करताना तुम्हाला अशा कितीतरी भेटतील ज्या विडी न सोडता शिवणातून महिन्याला दोन-तीन हजार मिळवतात. तो खराखुरा फायदा आहे. वेगळ्या मथळ्याखाली, संख्या देऊन, "हे मूळ उद्दिष्टात नव्हतं" असं सांगून लिहा. मी तर म्हणेन की १४१ जणींची उत्पन्नाप्रमाणे विभागणीच द्या: ६,००० आणि वर, ३,००० ते ६,०००, त्याखाली, काहीच नाही, आणि संपर्क नाही. पाच ओळींत सगळ्या जणी बसतात आणि बेरीज १४१ येते. ही बेरीज स्वतः दोनदा करून बघा.

क्रम असा ठेवा: पहिला आठवडा फोन आणि घरभेटी, पुढचे तीन-चार दिवस आकडे आणि हिशोब जुळवणं, मग लिखाण. लिखाणाला बसण्याआधी, साधारण दहाव्या दिवशी, प्रोग्राम ऑफिसरला फोन करा आणि ५४, आधीचे ९० आणि शिल्लक या तिन्ही गोष्टी तोंडी सांगा. त्यांना त्यांच्या वरिष्ठांना उत्तर द्यायचं असतं. अहवाल उघडल्यावर त्यांना धक्का बसला तर ते तुमच्या बाजूनं बोलू शकत नाहीत. करारात अहवालाचा ठरलेला नमुना असेल तर त्यातच लिहा. घटीच्या कारणांसाठी त्यात चार ओळींची चौकट असेल तर मुख्य वाक्यं तिथं लिहून दोन पानांचं परिशिष्ट जोडा. त्यात महिलांची नावं आणि फोन नंबर घालू नका, अनुक्रमांक पुरतात. नावांचं रजिस्टर तुमच्याकडे तयार असू द्या, कुणी तपासायला आलं तर दाखवायला.

सचिवांशी आत्ताच वाद घालत बसू नका. सातव्या-आठव्या दिवशी त्या ८७ जणींची यादी, प्रत्येकीच्या पुढं तिनं सांगितलेलं कारण तिच्याच शब्दांत लिहिलेलं, त्यांच्यापुढं ठेवा आणि त्यांना पहिली दोन पानं वाचू द्या. उत्पन्नाचा भाग किती थोडक्यात उरकायचा, ते त्यानंतर विचारा.